जुना जीमेल नुसत्या फॉरवर्डिंगवर जिवंत राहतो का?

मुठाकाठी

माझा पहिला जीमेल पत्ता २००६ चा. तेव्हा आमंत्रण लागायचं आणि ते मला हॉस्टेलवरच्या एका मित्राने दिलं होतं. पत्त्याचं नाव त्या वयाला शोभेल असंच आहे, म्हणून इथे लिहीत नाही. नोकरीत मिरवायला २०१४ मध्ये सरळ नावाचा दुसरा पत्ता काढला आणि जुन्यावर येणारं सगळं नव्याकडे फॉरवर्ड लावून टाकलं. त्यानंतर जुनं खातं मी एकदाही उघडलेलं नाही. उघडायची गरजच पडली नाही, मेल तर येतच होते.

परवा गूगलची नोटीस आली: हे खातं बरेच दिवस वापरात नाही, अमुक तारखेपर्यंत वापरलं नाही तर काढून टाकू. गंमत म्हणजे ही नोटीसही फॉरवर्ड होऊनच आली!

अडचण अशी की डीमॅट, काही म्युच्युअल फंड, पीएफ आणि बायकोच्या मातीकामाच्या वेबसाइटचं डोमेन, हे सगळं त्या जुन्या पत्त्यावर आहे. प्रश्न दोन. रोज मेल येताहेत आणि पुढे जाताहेत, तरी खातं 'वापरात नाही' कसं? आणि एकदा लॉगिन केलं की भागतं का?

---

लेजरबुक

बँकेत ३१ वर्षे काढली, म्हणून सांगतो. खात्यात २ वर्षे व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय होतं आणि १० वर्षांनी शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. पैसे बुडत नाहीत. शाखेत जा, केवायसीचे कागद द्या, खातं पुन्हा सुरू होतं. त्यासाठी दंड लावता येत नाही. घाबरू नका.

---

तिरफळ

काका, तो मेलच्या खात्याबद्दल विचारतोय, बँकेच्या नाही :)

---

पोस्टमास्तर४२

तिरफळ, काकांनी नकळत बरोबर उदाहरण दिलंय. काका, बचत खात्यावर तिमाहीला व्याज जमा होतं. तो व्यवहार धरता का?

---

लेजरबुक

नाही. व्याज बँक स्वतः टाकते. खातेदाराने स्वतः काही केलं पाहिजे, पैसे भरले, काढले, चेक दिला. नुसत्या व्याजाने खातं चालू राहत नाही.

---

पोस्टमास्तर४२

हेच. येणारी मेल म्हणजे व्याज. तुम्ही काही केलेलं नाही, बाहेरून येऊन पडलंय. फॉरवर्डिंग ही २०१४ साली एकदा दिलेली स्थायी सूचना, ती यंत्र पाळतंय.

गूगलने हा नियम मे २०२३ मध्ये जाहीर केला आणि खाती काढायला डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली. मुदत २ वर्षांची, फक्त वैयक्तिक खात्यांना. शाळा-कंपन्यांची खाती यात येत नाहीत. 'वापर' म्हणजे काय याची यादी त्यांनी दिलीय: मेल वाचणं किंवा पाठवणं, ड्राइव्ह वापरणं, यूट्यूबवर काही बघणं, प्ले स्टोअरवरून अ‍ॅप उतरवणं, गूगलवर शोधणं, दुसऱ्या साइटवर 'साइन इन विथ गूगल' करणं. सगळं त्या खात्यात लॉगिन असताना. मेल येणं आणि पुढे जाणं या यादीत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: लॉगिन करून एखादी मेल उघडलीत की २ वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. पण तुमचा खरा प्रश्न तो नाही, त्याकडे नंतर येतो. आधी लॉगिन होतंय का ते बघा. नोटिशीतल्या दुव्यावर क्लिक करू नका, असल्या नोटिशींच्या हुबेहूब नकला फिरतात. ब्राउझरमध्ये स्वतः `myaccount.google.com` टाइप करा.

---

पाटाचं_पाणी

लवकर करा. खातं उडालं की तो पत्ता दुसरा कुणीही घेऊ शकतो. मग तुमच्या डीमॅटचे ओटीपी त्याला जाणार आणि तो सगळं रिकामं करणार. याहूच्या बाबतीत हे झालेलं आहे, मी वाचलंय.

---

पोस्टमास्तर४२

अर्धं बरोबर. याहूने २०१३ मध्ये १२ महिने न वापरलेली नावं खरोखरच नव्या लोकांना वाटली. आणि नव्या मालकांना जुन्या मालकांच्या खासगी मेल यायला लागल्या. त्यावर उपाय म्हणून याहू आणि फेसबुकने मेलच्या शीर्षभागात एक ओळ घालायची पद्धत काढली, `Require-Recipient-Valid-Since`. अर्थ असा की 'हा पत्ता अमुक तारखेपासून त्याच माणसाकडे असेल तरच ही मेल टाका.' ती पुढे आरएफसी ७२९३ या क्रमांकाचं इंटरनेट मानक म्हणून प्रसिद्धही झाली. पण पाठवणारा आणि घेणारा दोघांनी पाळली तरच उपयोग. तुमचा डीमॅटवाला पाळतो का, हे मी पैजेवर सांगणार नाही.

जीमेलचं तसं नाही. काढलेल्या खात्याचा पत्ता गूगल पुन्हा कुणालाही देत नाही. चोराची भीती त्यामुळे कमी. पण दुसरी बाजू बघा: तो तुम्हालाही परत मिळत नाही. ओटीपी कुणाकडेच जात नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातो. पासवर्ड विसरलात तर दार आतून बंद आणि किल्लीही आत.

---

जर्सीकर

मेलपेक्षा फोन नंबर बेकार आहे. मी २०११ ला इकडे आलो तेव्हा पुण्याचं सिम ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. भारतात ९० दिवस वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते. प्रीपेडमध्ये २० रुपये शिल्लक असेल तर दर ३० दिवसांना २० कापून चालू ठेवतात. माझ्यात ते संपले असणार, मला इथे काय कळणार? बंद झालेला नंबर किमान ९० दिवस थांबून नव्या गिऱ्हाइकाला देतात. माझा नंबर आता कोल्हापूरच्या एका बाईंकडे आहे. फार सज्जन आहेत. मी फोन केला तर म्हणाल्या, "तुमचे बँकेचे मेसेज येत्यात की वो मला, काय करू सांगा."

तेव्हा आधी जुन्या खात्यावर कुठला नंबर आहे ते बघ.

---

मुठाकाठी

जर्सीकर, तुझ्या तोंडात साखर पडो, नेमकं तेच निघालं.

दुपारी ऑफिसच्या लॅपटॉपवरून प्रयत्न केला. पासवर्ड जुन्या डायरीत सापडला आणि तो बरोबरही निघाला. तरी गूगल म्हणतं, ओळख पटत नाही, शेवटी ७१ असलेल्या नंबरवर कोड पाठवू का? तो नंबर मी २०१६ मध्ये सोडला. फोन लावून बघितला तर कुणीतरी उचलला, मी 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. आता?

---

पोस्टमास्तर४२

त्या नंबरवर कोड पाठवूच नका. आणि ऑफिसातून वारंवार प्रयत्नही करू नका. खातं वर्षानुवर्षं बंद, यंत्र नवं, नेटवर्क परकं, म्हणजे त्यांच्या नजरेत तुम्ही चोरासारखेच दिसता. पासवर्ड बरोबर असला तरी.

रात्री घरी बसा. घरचं वायफाय, आणि ज्या यंत्रावर ते खातं पूर्वी कधी उघडलं असेल ते जुनं यंत्र असेल तर सोन्याहून पिवळं. कोडच्या पानावर `Try another way` असतं. त्यात रिकव्हरी ईमेलचा पर्याय येतो का बघा. जुन्या खात्याचा रिकव्हरी पत्ता कोणता आहे आठवतंय?

---

मुठाकाठी

नवा जीमेलच असणार. आणि नव्याचा रिकव्हरी पत्ता... जुना. आत्ता बघितलं. हे भलतंच.

---

अनघा_के

अगं बाई! म्हणजे दोन आंधळे एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडताहेत.

---

मुठाकाठी

जमलं! सासऱ्यांकडे पडलेला माझा जुना डेस्कटॉप तिथेच जोडला. त्या घरचं इंटरनेटही जुनंच. रिकव्हरी ईमेलचा पर्याय आला, कोड नव्या जीमेलवर आला, आत गेलो. आत २०१४ पर्यंतच्या मेल आहेत आणि पुढे काही नाही. स्पॅममध्ये मात्र ४० एक पडल्यात. डोमेनवाल्याचं 'नूतनीकरण करा' हे पत्र त्यातच!

काही मेल उघडून वाचल्या, एक स्वतःला पाठवली. झालं ना?

---

पोस्टमास्तर४२

अभिनंदन. खातं २ वर्षांसाठी वाचलं. आता तुम्हाला जे दिसलं त्याची कारणं सांगतो, कारण त्यातच खरा धडा आहे.

२०१४ नंतर खातं रिकामं, कारण फॉरवर्ड लावताना तुम्ही 'जीमेलमधली प्रत काढून टाका' निवडलं असणार. तिथे 'प्रत इनबॉक्समध्ये ठेवा' असाही पर्याय असतो, तो आता लावा. आणि जीमेल स्पॅममधली मेल फॉरवर्ड करत नाही. ती जुन्या खात्यातच राहते आणि ३० दिवसांनी आपोआप जाते. म्हणजे गेली इतकी वर्षं जे स्पॅममध्ये गेलं ते तुम्ही कधी पाहिलंच नाही. डोमेनचं पत्र सापडलं ते त्या ३० दिवसांच्या आत उघडलंत म्हणून.

आज एवढंच करा: बंद नंबर काढून आत्ताचा घाला. दुसरं काही एका बैठकीत बदलू नका. आत्ताच आत आलेल्याने लगेच पासवर्ड, नंबर, रिकव्हरी सगळं फिरवलं तर संशय येतो. नंबर बदलल्यावर ७ दिवसांपर्यंत गूगल जुन्या नंबरवरही कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं, हेही लक्षात असू द्या. आठवड्याने टू-स्टेप पडताळणी लावा, बॅकअप कोड छापून कपाटात ठेवा.

आणि तो दोन आंधळ्यांचा फेरा तोडा. नव्या खात्याची रिकव्हरी जुन्यावर नको. बायकोचा पत्ता द्या, भावाचा द्या.

---

पाटाचं_पाणी

एवढं करण्यापेक्षा गूगल वन घ्या. महिना १३० रुपये. पैसे भरणाऱ्याचं खातं ते काढत नाहीत.

---

पोस्टमास्तर४२

हेही बरोबर आहे, अपवादांच्या यादीत चालू वर्गणी आहे. गूगलकडून विकत घेतलेलं डिजिटल पुस्तक किंवा सिनेमा असला तरीही. पण कार्डाची मुदत संपली की वर्गणी बंद पडते, आणि पैसे कापले गेले नाहीत ही सूचना कुठे जाणार? त्याच खात्यात, जे कुणी उघडत नाही. वर्षातून एकदा उघडणं फुकट आहे.

---

तिरफळ

माझ्या फोनवर तीन जीमेल जोडलेले आहेत. फोन रोज हातात. मग तिन्ही चालू धरतात ना?

---

पोस्टमास्तर४२

नाही. हिशेब खात्याचा, फोनचा नव्हे. तुम्ही यूट्यूब बघता ते एका खात्याने. बाकीची दोन फोनमध्ये असून नसल्यासारखी. प्रत्येकावर जाऊन काहीतरी करावं लागतं.

---

खडीसाखर

थंडरबर्डसारख्या मेल-प्रोग्रॅमने आयमॅपवरून मेल ओढली तर? मी माझी जुनी खाती तशीच चालवतो, ५ वर्षं झाली, काही झालेलं नाही.

---

पोस्टमास्तर४२

'मेल वाचणं' यात ते बसायला हवं असं मलाही वाटतं. पण यंत्राने दर १० मिनिटांनी मेल ओढणं म्हणजे तुम्ही वाचणं का, हे त्यांनी स्पष्ट लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. मी त्यावर विसंबत नाही.

---

खडीसाखर

मी विसंबतो. पाच वर्षांचा अनुभव आहे.

---

पोस्टमास्तर४२

त्या पाच वर्षांत कधीच ब्राउझरमधून उघडलं नाही?

---

खडीसाखर

...उघडलं असेल.

---

मुठाकाठी

'खरा प्रश्न नंतर' म्हणाला होतात. तो कुठला?

---

पोस्टमास्तर४२

जुना पत्ता जिवंत ठेवणं हा तात्पुरता टेकू आहे. त्याच्यावर काय काय टेकलंय तेच ठाऊक नसेल तर टेकू कधीच काढता येत नाही. म्हणून आधी यादी करायची. तुमच्याकडे फॉरवर्डिंगमुळे एक सोय आहे: पुढे आलेल्या मेलमध्ये 'प्रति'च्या जागी जुनाच पत्ता राहतो. तेव्हा नव्या खात्यात हे शोधा:

```
to:junapatta@gmail.com newer_than:2y
```

गेल्या दोन वर्षांत जुन्या पत्त्याला कोणी लिहिलं ते सगळे येतील. पाठवणाऱ्यांची नावं वहीत उतरवा. पण जे वर्षानुवर्षं गप्प असतात आणि पासवर्ड विसरलात तरच मेल टाकतात, ते यात येणार नाहीत. त्यांच्यासाठी जुन्या खात्यात जाऊन:

```
in:anywhere subject:(welcome OR verify OR activate)
```

२००६ पासून कुठे कुठे खाती काढलीत ते बाहेर येईल. निम्मी बंद पडलेली असतील, त्यांना सोडून द्या.

म्युच्युअल फंडासाठी वेगळी युक्ती आहे. फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स कंपनीच्या साइटवर एकत्रित स्टेटमेंट मागता येतं, तिथे ईमेल घालावा लागतो. ज्या फोलिओत तो ईमेल नोंदलेला आहे तेच त्यात येतात. एकदा नव्या पत्त्याने मागवा, एकदा जुन्याने. जुन्याने जे येईल ती तुमची कामाची यादी.

क्रम महत्त्वाचा: आधी जे दुसऱ्यांचं दार उघडतं ते, मग पैशाचं, मग बाकी सगळं. पहिल्या गटात तुमचं एकच आहे, बायकोचं डोमेन. ते हातचं गेलं तर वेबसाइटच नव्हे, त्या डोमेनवरचे सगळे ईमेल पत्तेही जातात. आणि तिथे जीमेलसारखं नाही, सुटलेलं डोमेन कुणीही विकत घेऊन तुमच्या पत्त्यावर मेल घेऊ शकतो. पाटाचं_पाणींची भीती तिथे शंभर टक्के खरी.

---

अनघा_के

थोडं विषयांतर. बाबा गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये गेले. त्यांच्या जीमेलमध्ये त्यांनी स्कॅन केलेले घरचे जुने फोटो आहेत. पासवर्ड कुणालाच माहीत नाही, फोन लॉक आहे. २ वर्षांनी ते जाणार का?

---

पोस्टमास्तर४२

वाईट वाटलं. शेवटच्या वापरापासून २ वर्षे, म्हणजे तुमच्या हातात अजून वेळ आहे. मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गूगलकडे वेगळा अर्ज असतो, मृत्यूचा दाखला आणि तुमचं ओळखपत्र लागतं. पासवर्ड ते कधीच देत नाहीत. मजकूर काही वेळा देतात, काही वेळा नाही. मी आधीच भरवसा देणार नाही, पण अर्ज आजच करा.

बाकीच्यांनी मात्र हयातीत 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' लावा. ३, ६, १२ किंवा १८ महिने यातला काळ निवडायचा आणि १० पर्यंत माणसं नेमायची. तो काळ संपला की तुम्ही ठरवलेला मजकूर त्यांना उतरवून घेता येतो. उतरवायला ३ महिने मिळतात.

---

अनघा_के

अर्ज केला. बघू. बाबांनी फोटोंच्या मागे पेन्सिलने नावं लिहिली होती आणि मागची बाजूही स्कॅन केली होती. मूळ फोटो पुरात गेले, म्हणून जीव अडकलाय.

---

लेजरबुक

माझी सून म्हणते माझं खातं रेडिफवर आहे. त्याला हाच नियम लागू का?

---

पोस्टमास्तर४२

नाही काका, प्रत्येकाचा नियम वेगळा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात २ वर्षांत एकदा साइन इन करावं लागतं, याहूची पेटी १२ महिन्यांनी रिकामी करतात. तुमच्या सेवेच्या अटी सुनेला वाचायला सांगा. आणि कुणी याहूची मेल जीमेलमध्ये 'इतर खात्यांची मेल तपासा' वापरून ओढत असेल तर सावध राहा. ती सोय २०२६ च्या सुरुवातीपासून गूगल काढून घेतंय. मेल येणं थांबलं की लोकांना वाटतं कुणी लिहीतच नाही.

---

मुठाकाठी

तीन आठवड्यांनी हिशेब देतो.

शोधात पहिल्या फटक्याला ६२ पाठवणारे निघाले. त्यातले ४० दुकानं आणि जाहिराती, ते सोडले. डोमेन पहिल्यांदा हलवलं, तिथे जुन्या आणि नव्या दोन्ही पत्त्यांवर मंजुरीची मेल आली. जुनं खातं गेलं असतं तर तिथेच अडकलो असतो. नूतनीकरण ५ वर्षांचं करून टाकलं.

कॅम्सची युक्ती जबरदस्त. जुन्या पत्त्याने दोन फोलिओ आले, त्यातला एक मी साफ विसरलो होतो. २००९ साली हजार-हजाराचे सहा हप्ते भरून बंद केला होता. बायको म्हणते, हॉस्टेलच्या त्या मित्राला जेवायला बोलाव.

डीमॅट अडलंय. ईमेल बदलायचा फॉर्म दिला, तो 'सही जुळत नाही' म्हणून परत आला. २००८ मधली सही आणि आत्ताची यात फरक असणारच ना! उद्या स्वतः जातो.

---

लेजरबुक

जुनी सही कशी होती ते आठवून घरी दहा वेळा गिरवून जा. आणि सही बदलायचा अर्ज आधी द्या, ईमेलचा नंतर. दोन्ही एकदम दिलेत तर पुन्हा परत येतील.

---

मुठाकाठी

काका, हे कुणीच सांगितलं नव्हतं. डायरीत पासवर्डच्या खालीच जुनी सही सापडली, त्या वयात सह्यांचा सराव करायचो. दोन्ही फॉर्म घेऊन जातो, पण आधी एकच देतो.